बांधापलीकडचे गिऱ्हाईक

डिचोली तालुक्यात ज्याच्या वाट्याला जमीन नाही असा माणूस सापडणे कठीण, आणि ज्याच्या वाट्याला आहे त्याला ती बोट दाखवून सांगता येणे त्याहून कठीण. मीही जमीनदार आहे. माझी जमीन गावच्या शेतात आहे, म्हणजे पुरणशेताकडून खाली उतरलात की डाव्या हाताला जे हिरवे दिसते त्यात कुठेतरी. नेमकी कुठे, हे विचारू नये. ते मला ठाऊक नाही, माझ्या चुलतभावांना ठाऊक नाही आणि सर्व्हेच्या नकाशालाही ठाऊक नाही.

नकाशावर आहे ते पणजोबांचे शेत. 2400 चौरस मीटर, म्हणजे साधारण चोवीस गुंठे, सगळे तरीचे. गोव्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यात जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड असे रकाने असतात. आमचा आकडा ‘तरी’खाली आहे आणि कब्जेदाराच्या जागी पणजोबांचे नाव आहे. पणजोबांना जाऊन जमाना झाला, पण सरकारदरबारी ते अजून दरवर्षी वायंगण करतात.

पणजोबांना तीन मुले: दोन मुलगे, एक मुलगी. इथे महाराष्ट्रातला वाचक लगेच मुलीला वगळून दोनने भागाकार करू पाहील. तसे करू नये. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा, आणि त्यात मुलगी व मुलगा वारस म्हणून सारखे. इतर भारतात ही समता यायला पुढे बराच काळ लागला. आमच्याकडे ती आधीच आली आणि तिने शेताचे तीन भाग केले. प्रत्येकी 800 मीटर. आजोबांना चार मुले, म्हणून वडिलांच्या वाट्याला 200. आम्ही बहीण-भाऊ दोघे, म्हणून मला 100. शंभर चौरस मीटर म्हणजे एक गुंठा, वर शिंतोडा कमी.

पण गोष्ट इथे थांबत नाही, कारण माझे लग्न झाले आहे. आमच्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एक होते, वारशाने आलेलीसुद्धा, आणि तिच्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. रजिस्ट्रारपुढे लग्नाची सही करताना हे कुणी नीट समजावून सांगत नाही; तेव्हा फोटोग्राफरला घाई असते. त्यामुळे माझ्या गुंठ्यातला अर्धा बायकोचा. उरलेल्या पन्नास मीटरचा मी निर्वेध मालक. बायकोने एकदा विचारले होते, “माझे अर्धे बांधाकडचे की मधले?” मी म्हटले, “तू आधी माझे शोध, मग तुझे त्याच्याच शेजारी असेल.”

या सगळ्याचा हिशेब थोरले काका चतुर्थीला घालतात. गोव्यात गणपतीला मूळ घरी सगळे जमतात, त्यामुळे माटोळीखाली एरवी कधीही एकत्र न येणारे सगळे सहमालक एकाच वेळी हजर असतात. काकांकडे एक वही आहे. तिच्यात वंशवृक्ष आहे, तो खरे तर वंशझुडूप म्हणण्याइतका दाट आहे. तिन्ही शाखा धरून आजचे वारस बावीस. त्यातले सतरा विवाहित. म्हणजे शेत विकायचे तर एकोणचाळीस सह्या. त्यातला एक पुण्यात, एक मस्कतला, एक लिस्बनला, आणि एक जावई कोलवाळला राहतो, पण काकांशी बोलत नसल्यामुळे तोच सर्वांत लांबचा.

“पण वाटून का घेत नाही?” असे पुण्याचा चुलतभाऊ दरवर्षी विचारतो. तो संगणकात आहे, त्यामुळे त्याला वाटते की भागाकार केला की काम झाले. काका त्याला शेतावर नेतात आणि कुणगे दाखवतात. हे मला पटण्याजोगे वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा 2000 मीटरचे एक सलग शेत आहे, चाळीस बाय पन्नास. भोवताली अर्ध्या मीटरची मेर, आणि ती शेजाऱ्याबरोबर निम्मी-निम्मी. तर मेरेखाली आपली जाते साधारण पंचेचाळीस मीटर जमीन, म्हणजे शंभरात सव्वादोन. आता तेच दहा बाय वीसचे दोनशे मीटरचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यातले पंधरा मीटर मेरेत जातात. शंभरात साडेसात. म्हणजे शेत जितके लहान, तितकी त्यात शेती कमी आणि हद्द जास्त. शेवटी माझ्या पन्नास मीटरच्या तुकड्यावर फक्त हद्दच पिकेल.

त्यात पॉवर टिलर वळवायचा. दोनशे मीटरच्या तुकड्यात टिलर एका कोपऱ्यातून आत गेला की वळेपर्यंत दुसऱ्याच्या लावणीत असतो. आणि पीक? हेक्टरी चार टन भात धरले तर दोनशे मीटरमधून ऐंशी किलो. कांडून तांदूळ पन्नास-पंचावन्न किलो. नांगरट, तरवा, लावणी, बेणणी, कापणी आणि मजुरांचा चहा वजा केल्यावर जे उरते त्याला नफा म्हणण्यापेक्षा प्रसाद म्हणणे बरे.

तर मग वाटू नये, विकावे. तिथे गंमत सुरू होते.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत पांढऱ्या बुटांची माणसे दिसू लागली. पांढरे बूट घालून भातशेतात उतरणारा माणूस शेतकरी नसतो, एवढे शेतकऱ्यालाही कळते. असा एक दलाल आमच्या शेताच्या मेरेवर उभा राहिला आणि त्याने भाव सांगितला. भाव ऐकून काकांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. नंतर तो म्हणाला, “माझ्या पार्टीला छोटे छोटे प्लॉट हवेत. शेतघरासाठी.”

काकांना नियम पाठ आहेत, कारण त्यांना दुसरे काही काम नाही. त्यांनी दलालाला मेरेवर बसवूनच तीन गोष्टी सांगितल्या. पहिली: गोव्याच्या बांधकाम नियमांत शेतघराला किमान 4000 चौरस मीटर जमीन लागते. आमचे सगळे शेत, एकोणचाळीस सह्यांसकट, 2400 आहे. दुसरी: मोठ्या जमिनीचे लहान प्लॉट पाडून विकायचे तर नगर नियोजन कायद्याच्या 49(6) कलमाखाली ना-हरकत दाखला लागतो, आणि तो नसला की सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवतच नाही. म्हणजे तुम्ही कागदावर सही करा, साक्षीदार आणा, पेढे वाटा. नोंदणीच्या खिडकीवर गाडी थांबते. तिसरी: 2023 पासून गोव्यात भातशेती शेतकऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. बिगरशेतकऱ्याला खरेच शेती करायची असेल तर आधी कलेक्टरची परवानगी.

दलाल म्हणाला, “माझी पार्टी शेतकरी आहे.”

“कुठची?”

“गुडगावची.”

“तिथे भात लावते?”

“माणसे ठेवून लावेल.”

इथे काका क्षणभर अडले, कारण कायद्यात स्वतः कसणे म्हणजे स्वतःच चिखलात उतरणे असे नाही. घरच्या माणसांकडून किंवा आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून करवून घेणेही त्यात बसते. आमच्यातलेही निम्मे या व्याख्येचाच आधार घेतात. मस्कतचा चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवरून देखरेख करतो. त्याची देखरेख म्हणजे, “अजून पाणी कसे काय आहे रे?” असे विचारणे आणि आपण ‘आहे’ म्हटले की “बघ बाबा” म्हणणे. पण दलालाची पार्टी व्हिडिओ कॉलवरसुद्धा येईना, तेव्हा तो विषय मिटला.

जाता जाता दलालाने शेवटचा पत्ता टाकला. “मग प्लॉट पाडू नका. कुणा एकाचा अविभक्त हिस्साच द्या. हद्द नाही, नकाशा नाही, ना-हरकत नाही.”

यावर काकांच्या चेहऱ्यावर जे आले ते समाधान होते. कारण या वाटेवर पोर्तुगीज नागरी कायद्याचे 1566 वे कलम बसलेले आहे. सामाईक मिळकतीतला आपला वाटा परक्याला विकायचा असेल तर आधी सहमालकांना विचारले पाहिजे. त्याच किमतीला त्यांना हवा असेल तर पहिला हक्क त्यांचा. न विचारता विकलात तर एखादा सहमालक ठरलेल्या मुदतीत कोर्टात किंमत भरून तो हिस्सा स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. परक्याला आत घेण्याआधी घरच्यांचा मान ठेवा, असा त्याचा अर्थ.

माझ्या मते या कायद्याने माणसाचा स्वभाव ओळखलेला नाही. ज्या चुलतभावाला आपली जमीन मिळू नये म्हणून आपण ती विकतो आहोत, त्यालाच आधी विचारायचे! आणि तो घेईल का? तो म्हणेल, “भाव जास्त वाटतो.” तोच भाव परका देत असेल तर म्हणेल, “परका? पणजोबांच्या शेतात?” यानंतर त्याला पणजोबांचे नाव आठवते, जे एरवी त्याला उताऱ्यात बघावे लागते.

या गुंत्यातून बाहेर पडायची एक सरळ कायदेशीर वाट आहे, ती इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. तिला आमच्याकडे इन्व्हेंटरी म्हणतात. डिचोलीच्या दिवाणी कोर्टात वारसांची आणि मिळकतीची यादी दाखल करायची, आणि जी मिळकत नीट वाटून देता येत नाही तिचा वारसांमध्येच लिलाव होतो. जो जास्त बोली लावील त्याला अख्खे शेत, बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे. शेताचा तुकडा पडत नाही, घरचे शेत घरात राहते, एकोणचाळीस सह्यांची एक होते. हे इतके शहाणपणाचे आहे की आमच्या घरी ते कुणी अजून केलेले नाही. अडचण पैशांची नाही. अडचण ही की लिलावात बोली लावली की शेत आपल्याला हवे होते हे सगळ्यांना कळते, आणि आतापर्यंत सगळ्यांनी चतुर्थीला “मला त्या शेताचे काय करायचे” असेच म्हणून ठेवलेले आहे.

आता आत्याकडे जाऊ. आत्या दोडामार्गला दिली. डिचोलीहून निघून गोव्याची वेस ओलांडली की दोडामार्ग, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. रस्त्यावर बदलते ते दारूच्या दुकानांचे प्रमाण, पण शेतांना तो बदल जास्त जाणवतो. वेशीअलीकडे एक-चौदा, पलीकडे सात-बारा. अलीकडे पोर्तुगीजांचा कायदा, पलीकडे मुंबई सरकारचा 1947 चा तुकडेबंदी कायदा. 1947 मध्ये आमचे गोवे पोर्तुगालच्या ताब्यात होते, त्यामुळे मुंबईचा कायदा वेशीवरच थांबला. शेतीच्या किमान एककाचे एक कलम पोर्तुगालच्या नव्या नागरी कायद्यातही आले. पण तो कायदा झाला 1966 साली, आणि पोर्तुगीज गोव्यातून गेले 1961 साली. आमच्या पदरात राहिला तो 1867 चाच. या बाबतीत मुक्ती पाच वर्षे आधी मिळाली असे म्हणणाऱ्याला मी मात्र माझ्या शंभर मीटरमध्ये उभे राहू देणार नाही.

तुकडेबंदीची गोष्ट मुळात पुण्याजवळ सुरू होते. हॅरल्ड मान नावाच्या शेतीतज्ज्ञाने पिंपळे सौदागर या गावाची शेतन् शेत मोजणी केली आणि 1917 मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. 1771 च्या सुमारास त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1915 पर्यंत ती 7 एकरांवर आली होती. सरकार हादरले आणि जमिनीचे तुकडे थांबवायचे विधेयक 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात आले. त्याला विरोध करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. ते त्याआधीच, 1918 मध्ये, भारतातील लहान शेतांवर एक निबंध लिहून बसले होते. त्यांचे म्हणणे असे की शेत किती लहान हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल लागते आणि किती हात राबतात यांच्या मेळावर ठरते. शेतीवर माणसे जास्त आहेत म्हणून जमिनीचे तुकडे होतात. तुकडे बंद केल्याने माणसे कमी होत नाहीत. ते विधेयक काही कायदा झाले नाही. वीस वर्षांनी, 1947 मध्ये, दुसरा झाला. पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवडमध्ये आहे आणि तिथे लोक फ्लॅट चौरस फुटांवर विकत घेतात; माझ्या शंभर मीटरचे तिथे नक्कीच काहीतरी झाले असते.

1947 चा हा कायदा समजायला अवघड नाही. प्रत्येक भागात, प्रत्येक जातीच्या जमिनीसाठी सरकारने एक ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवायचे: स्वतंत्रपणे कसून परवडेल इतके किमान क्षेत्र. त्याहून कमी असलेली जमीन म्हणजे ‘तुकडा’. आठवे कलम सांगते की विकून किंवा वाटून नवा तुकडा तयार करायचा नाही. सातवे सांगते की आधीच तुकडा म्हणून नोंदलेली जमीन विकायची तर लगतच्या सर्व्हे नंबरच्या मालकालाच. सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात तलाठ्याने एकदा ‘तुकडा’ हा शेरा मारला की त्या जमिनीची इतर सगळी स्थळे बंद. उरते ते शेजारचे. नियम मोडून व्यवहार केला तर तो रद्दबातल, आणि घेणाऱ्याला कलेक्टर त्या जमिनीवरून उठवू शकतो.

2023 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारने जवळजवळ सगळ्या जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र एकसारखे केले: जिरायतीला 20 आर, बागायतीला 10 आर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्याला खेटून. बातमी आल्यावर आत्याने सात-बारा काढला. पावसाच्या पाण्यावरचे भात, म्हणून जिरायत. क्षेत्र: 18 आर. शेरा: तुकडा.

“दोनच आर कमी रे,” ती फोनवर म्हणाली. एखाद्या मुलाला परीक्षेत दोन मार्क कमी पडावेत तसा तिचा आवाज होता.

“शेजाऱ्याकडून दोन आर घे की विकत.”

“विचारले. त्याचे बारा आर आहेत. त्यातले दोन दिले तर त्याचे दहा राहतात. तोही तुकडाच की! एका तुकड्याचे दोन तुकडे होतात म्हणून नोंदच होणार नाही.”

कायद्याच्या चौकटीत राहून हा प्रश्न सोडवायचा तर शेजाऱ्याने एकतर बाराच्या बारा आर आत्याला विकायचे, किंवा आत्याने अठराच्या अठरा शेजाऱ्याला. मधली वाट नाही. सरकारचा हेतू हाच: दोन तुकडे एकत्र आले की तीस आरांचे एक शेत होते, शेरा निघतो, आणि पुढे ते कुणाही शेतकऱ्याला विकता येते. हेतू उत्तम आहे. फक्त हा हेतू ठरवणाऱ्याने आत्याच्या शेजाऱ्याला पाहिलेले नाही. या गृहस्थांनी वर्षाला वीतभर या वेगाने मेर आत्याच्या बाजूला सरकवत आणली आहे. कुंपणाचा खांब चालतो हे मी प्रथम त्यांच्याकडे पाहिले. आत्याचा असा हिशेब आहे की त्यांनी दम धरला तर विकत घ्यायची गरजच उरणार नाही.

पण महाराष्ट्रात दम धरणारे कमी आणि वाट काढणारे जास्त. शहराजवळच्या शेतांत एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार इतके बोकाळले की 2021 च्या जुलैमध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून असे दस्त नोंदवायचे थांबवले. 2022 च्या मेमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. गुंठेवाल्यांना वाटले कायदाच गेला. कायदा होता तिथेच आहे; परिपत्रक गेले. पुढे सरकारनेच 15 नोव्हेंबर 1965 पासून 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे जे तुकड्यांचे व्यवहार आता बिगरशेतीत गेले आहेत ते नियमित करायचे ठरवले. आधी त्यासाठी बाजारभावाच्या पंचवीस टक्के भरायचे होते, नंतर पाच टक्के, आणि 2025 मध्ये शून्य. ज्याने पंचवीस टक्के भरून टाकले त्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही, पण त्याची मनःस्थिती मला कल्पनेत दिसते. अर्थात ही सवलत घरे झालेल्या जमिनीला. भात पिकणाऱ्या अठरा आरांना तिचा उपयोग नाही, आणि त्यात एक कडू विनोद आहे: तुकडा तोडून त्यावर घर बांधणारा नियमित झाला, आणि त्यात भात लावणारी आत्या ‘तुकडा’च राहिली.

दुसरी वाट सामाईक खरेदीची. दहा जणांनी मिळून वीस गुंठे घ्यायचे, सात-बारावर दहाही नावे लावायची, आणि आपापसात कागद करून दोन-दोन गुंठे वाटून घ्यायचे. दप्तरात एक शेत, प्रत्यक्षात दहा कुंपणे. आत्याच्या मुलाने हीच युक्ती सुचवली, तेव्हा मी त्याला चतुर्थीला काकांची वही बघायला बोलावले. दहा अनोळखी माणसे आज सामाईक होतात. पन्नास वर्षांनी त्यांच्या नातवंडांकडे बावीस नावे आणि एकोणचाळीस सह्या असतील. त्यांच्याकडे तर माटोळीही नसेल एकत्र बसायला.

मग आत्याने जमीन विकायची ठरवली, तिच्या शब्दांत “त्यालाच, दुसरा कोण घेतो?” तिने शेजाऱ्याला निरोप धाडला. शेजाऱ्याने बाजारभावाच्या निम्मा भाव सांगितला. का, तर “वहिनी, दुसरे गिऱ्हाईक कुठे आहे तुम्हाला?” ही तुकडेबंदीची खरी गंमत. कायदा किमान क्षेत्र ठरवतो, पण किंमत शेजारी ठरवतो, कारण त्याच्याशी बोली लावणारा कोणी नाही.

आत्या चार दिवस गप्प होती. नंतर ती तलाठ्याकडे गेली आणि शेजाऱ्याचा सात-बारा काढून आणला. क्षेत्र 12 आर, इतर हक्कात शेरा: तुकडा. शेजाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ओहोळ, तिसऱ्या बाजूला रस्ता, चौथ्या बाजूला सरकारी जमीन. लगतचा खातेदार असा एकच: आत्या.

तिने त्याच दिवशी त्याला निरोप पाठवला. बारा आर घ्यायची तिची तयारी आहे, भाव बाजाराच्या निम्मा, आणि मेर सरकवलेली जमीन आधी वजा करून. दुसरे गिऱ्हाईक असेल तर जरूर बघावे, असेही कळवले आहे. शेजाऱ्यांनी अजून उत्तर दिलेले नाही. त्यांचा मुलगा मात्र परवा दोडामार्गच्या बाजारात आत्याच्या मुलाला भेटला आणि विचारत होता, आत्याची तब्येत कशी आहे. आत्याच्या मुलाने सांगितले, “उत्तम आहे. तुझ्या बाबांची?”